शंभर शब्दांत मावणारे संशोधन

शोधनिबंध हाती घेणाऱ्यांपैकी फार थोडे लोक तो शेवटपर्यंत वाचतात. बहुतेकांचे वाचन गोषवाऱ्यापाशी थांबते, आणि याला आळस हे एकच कारण नाही. अनेक नियतकालिकांचे पूर्ण निबंध पैसे मोजल्याशिवाय उघडत नाहीत; गोषवारा तेवढा सर्वांना दिसतो. एखाद्या विषयावरचे सगळे संशोधन एकत्र करून आढावा घेणारे अभ्यासक आधी हजारो शीर्षके आणि गोषवारे चाळतात व त्यावरूनच कोणता निबंध पुढे वाचायचा हे ठरवतात. परिषदेची निवड समिती तर अनेकदा गोषवाऱ्याखेरीज दुसरे काही पाहतच नाही. अशा या मजकुराला शब्दांची मर्यादा असते: कुठे 300, कुठे 250, तर ‘सायन्स’सारख्या नियतकालिकात सव्वाशेच्या आसपास. पहिला मसुदा हमखास या मर्यादेबाहेर जातो आणि मग छाटणी सुरू होते. ती करताना बहुतेक जण शब्द मोजतात आणि शब्दच काढतात. माझे म्हणणे असे की, छाटणीचे एकक शब्द हे नसून विधान हे असले पाहिजे. विधान म्हणजे एखादा दावा आणि तो ज्या अटींवर खरा आहे त्या अटी, दोन्ही मिळून. राहिले तर दोन्ही राहावे, गेले तर दोन्ही जावे. अट गेली आणि दावा उरला, तर गोषवारा लहान होतो खरा, पण सोबत खोटाही होतो.

ही भीती काल्पनिक नाही. 1999 साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात रॉय पिटकिन आणि सहकाऱ्यांनी सहा मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांतले गोषवारे त्यांच्या मूळ निबंधांशी ताडून पाहिले. नियतकालिकागणिक 18% ते 68% गोषवाऱ्यांत असे आकडे सापडले, जे निबंधातल्या आकड्यांशी जुळत नव्हते किंवा निबंधात कुठे नव्हतेच. 2010 साली त्याच नियतकालिकात इसाबेल बुत्रों यांच्या गटाने अशा 72 चाचण्या तपासल्या, ज्यांच्यात मुख्य निष्कर्ष संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नव्हता. त्यांपैकी 42 गोषवाऱ्यांच्या समारोपात निकाल होता त्यापेक्षा अनुकूल रंगवलेला आढळला. पहिल्या पाहणीतला दोष हलगर्जीपणाचा, दुसऱ्यातला आशावादाचा. पण दोन्ही घडतात ते त्याच जागी, म्हणजे मोठा मजकूर लहान करताना कशाला कात्री लावायची हा निर्णय घेताना.

हा निर्णय कसा घ्यावा हे प्रत्यक्ष उदाहरणावरच नीट कळते. त्यासाठी महाराष्ट्रातले एक सुप्रसिद्ध संशोधन घेऊ. डॉ. अभय आणि राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांचा गडचिरोलीतल्या घरपोच नवजात सेवेवरचा निबंध 1999 साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा आशय थोडक्यात असा: 39 गावांत सेवा द्यायची आणि 47 गावे तुलनेसाठी ठेवायची असे ठरले. 1993 ते 95 ही दोन वर्षे आधारभूत आकडे गोळा करण्यात गेली आणि त्यानंतर 1995 ते 98 या काळात सेवा सुरू झाली. गावातल्या प्रशिक्षित आरोग्यसेविका घरी जाऊन जन्मतः गुदमरलेली, अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची, अंग गार पडलेली, अंगावर नीट न पिणारी बाळे सांभाळत आणि सेप्सिस, म्हणजे शरीरभर पसरलेला जंतुसंसर्ग, ओळखून त्यावर उपचार करत. त्याला प्रशिक्षित दायांची मदत, आरोग्यशिक्षण आणि दर पंधरवड्याची देखरेख यांची जोड होती. जन्म-मृत्यूची नोंद दुसरेच कार्यकर्ते करत. निकालांत नवजात मृत्युदर, अर्भक मृत्युदर, प्रसूतीच्या आगेमागे होणाऱ्या मृत्यूंचा दर, सेप्सिसमधले मृत्यूंचे प्रमाण, खर्च आणि वाचलेले जीव असे सहा प्रकारचे आकडे होते. आता समजा, हे सगळे 100 मराठी शब्दांत बसवायचे आहे.

पहिले काम शब्द मोजण्याचे नाही, क्रम लावण्याचे आहे. अभ्यास कोणत्या एका प्रश्नासाठी उभा केला होता? घरपोच सेवेने नवजात मृत्युदर तीन वर्षांत निदान 25% कमी होईल, हे त्याचे गृहीतक होते. म्हणजे नवजात मृत्युदर हा मुख्य निकाल आणि बाकीचे पाच दुय्यम. हा क्रम निबंधकाराने आकडे पाहून लावलेला नसावा, अभ्यासाच्या रचनेतून आलेला असावा. याच अभ्यासात टक्केवारीने सर्वांत मोठी घट प्रसूतीच्या आगेमागच्या मृत्यूंत दिसली, 71%. जागा कमी असताना सर्वांत मोठा आकडा उचलण्याचा मोह होतो, पण तसे केले तर वाचकाला वाटेल की अभ्यास त्या प्रश्नासाठीच होता. म्हणून अर्भक मृत्युदर आणि प्रसूतीच्या आगेमागचे मृत्यू हे दोन्ही निकाल पूर्ण वगळायचे. अर्धवट उल्लेख करून ‘इतर दरही घटले’ असे लिहिण्यात तीन शब्द जातात आणि वाचकाच्या हाती काहीच पडत नाही.

आता उरलेले आकडे जवळून पाहू, कारण खरी गफलत इथे होते. सेवेच्या गावांतला नवजात मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे 62 होता. तिसऱ्या वर्षी तो 25.5 झाला. निबंधात घट 62.2% दिली आहे. घाईत छाटणारा लिहील, ‘मृत्युदर 62 वरून 25.5 वर आला, म्हणजे 62.2% घट’. पण 62 वरून 25.5 ही घट सुमारे 59% होते. उरलेला फरक तुलनेच्या गावांतून आलेला आहे: तिथला दर आधी 58 होता आणि नंतर तो घटला नाही, किंचित वाढलाच. तो बदल जमेस धरून काढलेली निव्वळ घट 62.2% आहे. तेव्हा ‘तुलनेच्या गावांच्या संदर्भात निव्वळ’ हे शब्द फापटपसारा वाटले, तरी ते काढताच वाक्याचे गणित चुकते. शिवाय एका वाक्यात 62 हा दर आणि 62.2 ही टक्केवारी शेजारी आल्याने वाचकाचा गोंधळ होण्याची शक्यता दुप्पट. इथे चार शब्द वाचवणे परवडणारे नाही.

दुसरा आकडा असा की, 1997-98 मध्ये सेवा मिळालेल्या दर 18 नवजातांमागे एक मृत्यू टळला. वाचायला हा आकडा फार बोलका आहे आणि कुठलाही संपादक तो ठेवायला सांगेल. पण मूळ विधानात ‘गर्भावस्थेतला किंवा नवजात’ मृत्यू असे म्हटले आहे. केवळ नवजात मृत्यू धरले तर हजारी 36.5 ची घट होते, म्हणजे साधारण 27 बाळांमागे एक. अट काढली की 18 चा अर्थ बदलतो, आणि अट ठेवली की आपण वगळलेला गर्भावस्थेतल्या मृत्यूंचा विषय मागच्या दाराने परत येतो. शंभर शब्दांत हा आकडा म्हणून नकोच. तीनशे शब्दांत तो त्याच्या अटीसह सुखाने राहील.

तिसरा आकडा सेप्सिसचा. आरोग्यसेविकांचे उपचार सुरू होण्याआधी 163 आजारी बाळांपैकी 16.6% दगावली, नंतर 71 पैकी 2.8%. छाटणीत साहजिकच 163 आणि 71 उडतात, कारण टक्के जास्त ठसठशीत. पण 71 चे 2.8% म्हणजे दोन मृत्यू. आणखी दोन बाळे दगावली असती तर टक्केवारी दुप्पट झाली असती. निकाल तरीही मोठाच आहे, मात्र तो किती बाळांवर उभा आहे हे वाचकाला कळायला हवे. शिवाय ही तुलना आधी आणि नंतरची आहे, सेवेच्या आणि तुलनेच्या गावांची नाही. पुराव्याची ताकद पाहिली तर ती मुख्य निकालाच्या खालची ठरते. दोन टक्केवाऱ्या, दोन रुग्णसंख्या आणि ‘उपचारांपूर्वी व नंतर’ असे सगळे मिळून दहाबारा शब्द लागतील. सेप्सिसचा उल्लेख सेवेच्या वर्णनात ठेवून आकडे सोडावेत, हा मला योग्य निर्णय वाटतो.

पद्धतीच्या बाबतीत नेमका उलटा मोह होतो. निकालात जास्त भरायचे म्हणून पद्धत एका ओळीवर आणली जाते. वाचकाला पद्धतीतून चार गोष्टी लागतात: कोणावर केले, काय केले, कशाशी तुलना केली आणि मोजले कोणी व कसे. प्रशिक्षणाचे तपशील, देखरेखीच्या फेऱ्या, औषधांची नावे हे पूर्ण निबंधात शोभते. पण गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक होती की नाही, हे कळल्याशिवाय निकालावर किती भार टाकायचा हे ठरवता येत नाही. या अभ्यासात ती तशी नव्हती. म्हणूनच सेवा सुरू होण्याआधी दोन्हीकडचे दर 62 आणि 58, म्हणजे जवळजवळ सारखे होते, ही माहिती एरवीपेक्षा महत्त्वाची ठरते. वाटणी यादृच्छिक नाही ही उणीव आणि आधीचे दर सारखे हा तिचा अंशतः उतारा, दोन्ही शेजारी ठेवले की वाचक स्वतः तोलू शकतो. तसेच जन्म-मृत्यू मोजणारे लोक सेवा देणारे नव्हते, या चारपाच शब्दांनी पूर्वग्रहाची एक मोठी शंका मिटते.

राहता राहिले महत्त्व. इथे छाटणीत सर्वांत आधी बळी जातो तो क्रियापदाचा. ‘मृत्यू कमी करू शकेल’ याचे ‘मृत्यू कमी करते’ होते. एक शब्द वाचतो आणि एका जिल्ह्यातला निकाल साऱ्या जगाला लागू होऊन बसतो. अभ्यास ज्या परिस्थितीत झाला तिची खूण आणि ‘शकेल’मधली शक्यता, या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाक्यात हव्यातच. पुढे 2011 मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरपोच नवजात सेवा देशभर सुरू केली. ते घडले म्हणून 1999 च्या निबंधात ते ठामपणे लिहायला हवे होते असे नाही. त्या दिवशी हातात असलेल्या पुराव्याइतकेच बोलणे हीच गोषवाऱ्याची मर्यादा. हे सारे निर्णय पाळून शंभर शब्दांचा मजकूर असा होतो:

खेड्यांतील बहुतेक नवजात बालकांना रुग्णालयातील उपचार मिळत नाहीत. गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी घरी जाऊन सेप्सिससह नवजातांच्या आजारांवर उपचार केल्यास मृत्यू घटतात का, हे आम्ही गडचिरोली जिल्ह्यात तपासले. 39 गावांत 1995–98 मध्ये ही एकत्रित सेवा दिली. 47 गावे तुलनेसाठी होती. गावांची वाटणी यादृच्छिक नव्हती. आधीच्या दोन वर्षांत दोन्हीकडील नवजात मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे अनुक्रमे 62 आणि 58 होता. स्वतंत्र कार्यकर्त्यांनी जन्म आणि मृत्यू नोंदवले. तिसऱ्या वर्षी सेवा 93% नवजातांपर्यंत पोचली आणि सेवेच्या गावांत दर 25.5 झाला, तुलनेच्या गावांच्या संदर्भात निव्वळ घट 62.2% (p<0.001). प्रत्येक बालकामागे 5.3 डॉलर खर्च आला. रुग्णालये दूर असलेल्या ग्रामीण भागांत ही पद्धत नवजात मृत्यू बरेच कमी करू शकेल.

विधाने ठरल्यानंतरच शब्दांची छाटणी करावी, आणि मग ती सोपी असते. ‘असे दिसून आले की’, ‘या अभ्यासाचा उद्देश असा होता की’, ‘अत्यंत महत्त्वपूर्ण’ यांसारखे शब्दप्रयोग वरच्या मजकुरात कुठे नाहीत आणि त्यांची उणीव भासत नाही. पार्श्वभूमीला एकच वाक्य आहे आणि ते प्रश्नापर्यंत नेऊन थांबते. ‘एकत्रित’ हा एक शब्द मात्र मुद्दाम ठेवला आहे. दाया, आरोग्यशिक्षण आणि देखरेख यांचा तपशील जागेअभावी गेला. तो शब्दही गेला असता, तर केवळ आजारांवरच्या उपचारांनी ही घट झाली असा ग्रह होऊ शकला असता. लघुरूपांनी जागा वाचवण्याच्या युक्तीपासूनही दूर राहावे. एखादी संज्ञा तीनदा येत असेल तरच लघुरूप परवडते. एरवी ते समजावून सांगण्यातच वाचवलेले शब्द खर्ची पडतात.

मर्यादा आणखी निम्मी, म्हणजे 50 शब्दांची असेल तर? मग सारखे थोडे थोडे कापून चालत नाही, पुन्हा एकदा क्रमाने विधाने उतरवावी लागतात. पार्श्वभूमी जाते, कारण महत्त्वाच्या वाक्यातली ‘रुग्णालये दूर’ ही खूण तिचे काम करते. खर्च, 93% आणि नोंदणीचा तपशील जातो. p चे मूल्यही जाते, कारण एवढा मोठा फरक निव्वळ योगायोगाने आला नाही इतकेच ते सांगते. वर्षे जातात. ‘जिवंत जन्मांमागे’ मधला ‘जिवंत’ जातो, कारण नवजात मृत्युदराच्या व्याख्येतच तो आहे. उरते ते असे:

गडचिरोलीत 39 गावांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी घरी जाऊन सेप्सिसवरील उपचारांसह नवजात सेवा दिली. 47 गावे तुलनेसाठी होती, वाटणी यादृच्छिक नव्हती. तिसऱ्या वर्षी सेवेच्या गावांतला नवजात मृत्युदर हजार जन्मांमागे 62 वरून 25.5 वर आला. तुलनेच्या गावांच्या संदर्भात निव्वळ घट 62.2%. रुग्णालये दूर असलेल्या ग्रामीण भागांत ही पद्धत नवजात मृत्यू कमी करू शकेल.

इथे काय गमावले हेही सांगितले पाहिजे. तुलनेच्या गावांचा आधीचा दर 58 गेल्यामुळे वाटणीतल्या उणिवेचा उतारा वाचकाला आता दिसत नाही, उणीव मात्र दिसते. मी जाणूनबुजून हा तोटा पत्करला आहे. दोन्ही ठेवायला जागा नसेल तेव्हा स्वतःच्या बाजूचा मुद्दा काढावा आणि विरोधातला ठेवावा. कारण वाचक पूर्ण निबंध उघडून जमेची बाजू शोधू शकतो, पण उणीव आहे हेच माहीत नसेल तर ती शोधायला तो जाणार नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे: इतकी जपणूक करायची तर मर्यादाच का वाढवू नये? काही प्रमाणात हे खरे आहे. चिकित्सा-चाचण्यांच्या गोषवाऱ्यात कोणत्या बाबी हव्यात याची कन्सॉर्ट गटाने 2008 साली यादी दिली, तेव्हा सगळ्या बाबींना 250 ते 300 शब्द पुरेत असा त्यांचा अंदाज होता. त्याखालची मर्यादा घालणाऱ्या नियतकालिकाने काहीतरी सुटणार हे गृहीत धरले पाहिजे. पण शब्द वाढले म्हणून दोष आपोआप जात नाहीत. ज्या 42 समारोपांत निकाल रंगवलेला होता, तिथे अडचण जागेची नव्हतीच. रंगवायलाही शब्द लागतातच. दुसरा आक्षेप असा की, तज्ज्ञ वाचक अटी मनातल्या मनात भरून घेतो, मग त्या लिहायच्या कशाला? पण वाटणी यादृच्छिक होती की नव्हती, 18 मध्ये गर्भावस्थेतले मृत्यू धरले की नाही, हे कोणी तज्ज्ञ अंदाजाने सांगू शकत नाही. तो अंदाज करेल, आणि बहुधा लेखकाच्या बाजूने चुकेल.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पद्धत आणि उणीव यांना एवढी जागा दिली तर गोषवारा कोरडा होईल आणि चांगले संशोधन दुर्लक्षित राहील, असे तरुण संशोधकांना वाटते. शंभर शब्दांचा वरचा मजकूर पुन्हा पाहावा. त्यात एकही विशेषण संशोधनाची थोरवी सांगत नाही, पण 62 वरून 25.5 आणि बाळामागे 5.3 डॉलर हे दोन आकडे जवळ आले की थोरवी आपोआप कळते. खर्चाचे वाक्य मी शंभरात ठेवले ते याचसाठी. दुय्यम निकालांतला हा एकच आकडा असा आहे, ज्याने महत्त्वाच्या वाक्याला आधार मिळतो: दूरच्या ग्रामीण भागात ही पद्धत चालू शकेल असे म्हणायचे तर ती परवडणारी आहे, हे आधी सांगावे लागते. दुय्यम आकड्यांतून निवड करायची असेल तर हाच निकष लावावा: तो समारोपातल्या एखाद्या शब्दाला तोलून धरतो का?

छाटणी बरोबर झाली की नाही हे ताडून पाहण्याची रीत साधी आहे, तरी सहसा कोणी वापरत नाही. शेवटचा मजकूर विषय जाणणाऱ्या, पण हा निबंध न वाचलेल्या सहकाऱ्याकडे द्यावा आणि त्याला चार प्रश्न विचारावेत: कोणाची कोणाशी तुलना केली, मुख्य आकडा कशाचा आहे आणि किती जणांमागे, लेखकाचा दावा नेमका कुठल्या परिस्थितीपुरता आहे, आणि तुला यात कच्चे काय वाटते. मग त्याची उत्तरे निबंधातल्या तक्त्यांशी ताडावीत, आपल्या मनातल्या अर्थाशी नव्हे. पहिल्या तिन्हींपैकी एखादे चुकले तर कुठली तरी अट छाटली गेली आहे. ती परत घालावी आणि तिच्यासाठी एखादा दुय्यम निकाल पूर्ण काढावा. चौथ्याला त्याने लेखकाला ठाऊक असलेलीच उणीव सांगितली, तर गोषवारा मर्यादेत आला आणि प्रामाणिकही राहिला असे समजायला हरकत नाही.